रोजच्या वापरातल्या हलक्या दागिन्यांना नाव देताय? या चुका टाळा

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावात सराफाने रोज घालायच्या दागिन्यांचा वेगळा ट्रे काढला, की पहिलं सुचणारं नाव ठरलेलं असतं: 'हलकंफुलकं'. गिऱ्हाईक म्हणजे झेडपीच्या शाळेतल्या मॅडम, दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतल्या ताई. दीड ग्रॅमचे टॉप्स, तीन ग्रॅमची चेन, छोटं मंगळसूत्र. लग्नातला राणीहार त्यांना लग्नातही नकोसा झालेला असतो. मग नावातच 'हलकं' सांगून टाकावं, हे साहजिक वाटतं. पण काउंटरवर 'हलकं सोनं' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात वजन येत नाही, कस येतो. सोबत आलेल्या सासूबाई लगेच विचारतात, "मोडाले नेलं तं किती भेटन?"

त्यांचं चुकत नाही. 22 कॅरेटची बारीक तार लवकर वाकते, म्हणून असे नग बरेचदा 18 कॅरेटमध्ये घडवतात. म्हणजे हजारात 750 भाग सोनं. ज्या घरात आजवर 22 कॅरेटच घेतलं गेलं, तिथे हे आधीच 'कमी'चं वाटतं. त्यात 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही. हॉलमार्कसोबत नगावर कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खात्री करता येते, पण इवल्याशा टॉप्सवर तो नसूही शकतो. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या हातात उरतं ते टॅग आणि बिल. म्हणून नावाची खरी परीक्षा बोर्डावर नाही, टॅगवर कॅरेटच्या शेजारी होते.

समजा, 'हलकंफुलकं' बाद करून यादीत तीन नावं उरली: झुळूक, लगबग आणि तगर.

'झुळूक' कानाला गोड आहे. पण वऱ्हाडी बोलण्यात 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, तसं झुळूकचं 'झुयूक'. बोलण्याचं एक वेळ चालून जाईल, कारण गिऱ्हाईक तुमचंच आहे. अडचण मोबाइलवर येते. इन्स्टाग्रामवर कोणी `zuluk` लिहील, कोणी `jhulook`, कोणी `zulook`. मैत्रिणीने तोंडी सांगितलेलं नाव शोधून सापडलं नाही, की ती बाई दुसऱ्या दुकानाच्या पानावर जाते. याची तपासणी सोपी आहे: ओळखीच्या चार-पाच जणींना फोनवर नाव एकदाच सांगा आणि इंग्रजी अक्षरांत लिहून व्हॉट्सअ‍ॅप करायला सांगा. बहुतेकींचं स्पेलिंग एकच आलं, तर नाव पुढे न्या.

'लगबग' या परीक्षेत बरं उतरतं. सकाळी डबा, पोरीची वेणीफणी आणि आठची एसटी पकडणारी बाई त्यात लगेच दिसते. मला स्वतःला हेच नाव सगळ्यात आवडलं असतं. पण टॅग लिहून बघा: 'लगबग 18 कॅरेट'. आपल्याकडे बाजाराची अर्धी बोली हिंदी, आणि हिंदीतलं 'लगभग' म्हणजे अंदाजे. अंदाजे 18 कॅरेट! सोन्याच्या दुकानात यापेक्षा वाईट जाहिरात नाही. म्हणून प्रत्येक नाव कॅरेट आणि वजनासकट मोठ्याने वाचायचं, आणि एकदा हिंदी बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचं.

'तगर' टिकतं. दारातलं साधं पांढरं फूल, रोज सकाळी देवाला वाहिलं जाणारं. 'ळ' नाही, `tagar` याशिवाय दुसरं स्पेलिंग सहसा सुचत नाही, आणि 'तगर 18 कॅरेट' वाचताना कस घटल्यासारखा वाटत नाही. पाच पाकळ्यांचे टॉप्स घडवले तर नावाला नगही साथ देतो. 'ऑफिस कलेक्शन' किंवा 'वर्किंग वुमन' म्हटलं की आशाताई आणि अंगणवाडी सेविका आपोआप बाहेर राहतात. इथे तसं होत नाही.

नाव पसंत पडलं म्हणून लगेच डब्या छापायला टाकू नका. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग 14 मध्ये, म्हणजे दागिन्यांच्या वर्गात, आधी शोधा. जसंच्या तसं नाव पाहून थांबू नका. उच्चारावरून शोधायचा 'फोनेटिक' पर्यायही वापरा. मोठ्या ब्रँडच्या नावातलं एखादं अक्षर बदलून केलेलं नाव इथेच अडकतं. 'लाइटवेट गोल्ड'सारखं मालाचं नुसतं वर्णन करणारं नावही 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली सहसा नाकारलं जातं. मिळालं असतं तरी शेजारच्या दुकानदाराला तेच शब्द वापरण्यापासून अडवणं अवघड. एकट्या मालकाला ट्रेडमार्क नोंदणीच्या ऑनलाइन टीएम-ए अर्जाची फी एका वर्गासाठी 4,500 रुपये पडते. शोधात 'तगर' आधीच कोणाच्या नावावर दिसलं, तर यादीत पुढचं नाव घ्या आणि टॅगपासून पुन्हा सुरू करा.