चकलीच्या पाकिटाची किंमत: मजुरी नेमकी कुठे गळते

बचत गटाचं लायसन, पाकिटावरचं लेबल वगैरे तुम्ही केलंच असेल. मी फक्त किमतीचं सांगते, कारण आमच्या बायकांची मजुरी कितीतरी महिने तिथेच गळत होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

पाच किलो भाजणीचा हिशोब घ्या. भाजणी, दळण, तेल, तीळ-मसाला, गॅस मिळून 950 रुपये. सहा किलो चकली, म्हणजे 200 ग्रॅमची 30 पाकिटं. पिशव्या आणि लेबलं 90. जागा, रिक्षा, सफाई 100. राहिली मजुरी. तळणाऱ्या तिघींचे बारा तास सगळ्यांना दिसतात. धान्य निवडणं, भाजणं, गिरणीत जाणं, पाकिटं भरणं याचे चार तास कुणीच लिहीत नाही. ते वहीत लिहाच. सोळा तास, तासाला 60 रुपये, म्हणजे 960. एकूण 2100. एक पाकीट 70 रुपयांना पडलं.

आता दुकानदार म्हणतो, "मला वीस टक्के." आपण 70 वर वीस टक्के चढवतो आणि 84 छापतो. इथेच फसगत आहे! त्याचे वीस टक्के छापील किमतीवर असतात. 84 मधून तो 16 रुपये 80 पैसे घेतो, आपल्या हातात 67 रुपये 20 पैसे येतात. पाकिटामागे 2 रुपये 80 पैसे तूट, तीस पाकिटांवर 84 रुपये. तेलवाला उधारी सोडत नाही, म्हणून ते मजुरीतूनच जातात. साठचा तास पंचावन्नवर येतो. म्हणून 70 ला 0.80 ने भागायचं: साडेसत्याऐंशी. 90 छापा, म्हणजे परत आलेल्या पाकिटांसाठीही थोडी जागा राहते. दुकानदार पंचवीस मागत असेल तर 0.75 ने भागा.

"कच्च्या मालाची दुप्पट किंमत लावा" असं शिकवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. चकलीत हातच जास्त लागतात. दुप्पट केली तरी मजुरी आणि दुकानदार दोन्ही त्यात बसत नाहीत.

शेजारच्या फळीवर तेवढंच पाकीट ऐंशीला असेल तर घाबरू नका, पण मजुरीला हात लावू नका. तास कमी करा. चकल्या पाडायचं मोठं यंत्र घेतलं आणि सोळाचे बारा तास झाले, तर 240 वाचतात. यंत्राच्या हप्त्यापोटी त्यातले 60 बाजूला काढा. खर्च 1920, पाकीट 64 ला, आणि 0.80 ने भागलं की बरोबर 80. प्रत्येकीचा तास साठचाच राहतो.

सरससारख्या प्रदर्शनात मात्र "इथे दुकानदार नाही" म्हणून 70 ला विकू नका. स्टॉलवर उभं राहणारीचे तास, प्रवास, जेवण हे सगळं त्या वाचलेल्या टक्क्यांतूनच भागवायचं असतं. शिवाय गावातल्या दुकानदाराला तो भाव कळला की पुढच्या खेपेला तो तोच मागतो.