रस्त्यावरच्या बाईटमधली धपधप कशी घालवावी?

दादर स्टेशनबाहेर बाईट घेतला की मागचा गाड्यांचा गोंगाट प्रेक्षक खपवून घेतो, कारण गाड्या त्याला दिसत असतात. वाक्याखालून येणारी धपधप मात्र लगेच खटकते. ती येते माईकच्या दांड्यातून. बोटं सरकली, अंगठी घासली, केबलला हिसका बसला की ते कंपन दांड्यातून थेट आतल्या पडद्यापर्यंत जातं.

निघण्याआधी हेडफोन लावून माईक हातात धरा. एकेक बोट हलवा, केबल हलवा, चॅनेलच्या लोगोचा ठोकळा हलवून बघा. ठोकळा सैल असेल तर बारीक खडखड येते. आत फोमची पट्टी घालून तो घट्ट बसवा. ही तपासणी मोबाईलच्या स्पीकरवर करू नका, इतके खालचे आवाज त्यावर जवळजवळ ऐकूच येत नाहीत.

अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा. माईक दांड्याच्या मधोमध धरा आणि एकदा बसवलेली पकड बाईट संपेपर्यंत बदलू नका. केबलचा एक सैल वळसा त्याच मुठीत धरा, म्हणजे हिसका मुठीतच जिरतो. प्रश्न विचारून माईक समोर नेताना कोपरातून हात वळवा, मनगटाला झटका देऊ नका. माईक समोरच्याच्या हातात तर देऊच नका.

सर्वांत मोठा फरक पडतो तो अंतराने. माईक तोंडापासून 15 सेंटिमीटरवर असताना जेवढा आवाज मिळतो, तेवढाच 30 सेंटिमीटरवरून हवा असेल तर गेन साधारण 6 डेसिबलने वाढवावा लागतो. धपधप तर हातातूनच येते, तिचं अंतर बदलत नाही. म्हणून तीही तेवढीच वाढते. माईक जवळ न्या, गेन उतरवा.

माईक नवीन घेणार असाल तर मुलाखतीसाठीचा ओम्नी, म्हणजे सगळ्या दिशांनी ऐकणारा, डायनॅमिक घ्या. एका दिशेने ऐकणाऱ्या माईकचा पडदा खालच्या कंपनांना जास्त दाद देतो, म्हणून त्यात हाताळणीचा आवाज सहसा जास्त येतो. ओम्नीत गर्दी जास्त शिरते, तेव्हा तो जवळच धरायला हवा.

एवढं करूनही काही राहिलं तर एडिटिंगमध्ये लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर, वापरा. ऑडॅसिटीमध्ये High-Pass Filter उघडून 80 हर्ट्झ आणि 24 डेसिबलचा उतार ठेवा. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण 85 हर्ट्झपासून सुरू होतो, त्यामुळे सगळ्या बाईटवर 150 लावलंत तर बोलणं पोकळ वाटेल. एखादा ठोका दोन वाक्यांच्या मध्ये असेल तर तेवढा तुकडा कापून तिथे त्याच जागेचा नुसता गोंगाट भरा. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी कुणी न बोलता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. ठोका शब्दावरच पडला असेल तर तेवढ्याच क्षणापुरता फिल्टर 150 ते 200 पर्यंत चढवा. मोठा ठोका त्यानेही पूर्ण जात नाही, म्हणून शूटच्या वेळी हेडफोनवर तो ऐकू आला तर माणूस समोर आहे तोवरच प्रश्न पुन्हा विचारा.