इन्स्टंट फॉर्म की लँडिंग पेज? इंटिरिअर डिझायनरने बिनकामाच्या चौकशा कशा गाळाव्यात

"मी? फॉर्म? नाही हो, मी काहीच भरलेलं नाही." इन्स्टंट फॉर्मवरून आलेल्या नंबरवर फोन केला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. समोरचा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवरची जाहिरात दाबली की तिथल्या तिथे फॉर्म उघडतो आणि त्यात नाव, नंबर, ईमेल प्रोफाइलमधून आधीच भरलेलं असतं. किचनचा देखणा फोटो आवडला, दोन-तीनदा अंगठा टेकवला, झाली चौकशी. तासाभराने त्याच्या लक्षातही नसतं. नंबर जुना, बंद पडलेला असेल तर तोही तसाच तुमच्याकडे येतो.

लँडिंग पेज म्हणजे जाहिरात दाबल्यावर उघडणारं तुमच्या वेबसाइटचं पान. तिथे पान उघडायची वाट पाहावी लागते, तुमची कामं नजरेखालून जातात, नंबर बहुधा स्वतः टाकावा लागतो. या खटाटोपात हौशी मंडळी आपोआप गळतात.

आधी मोजायचं काय ते ठरवा

समजा, महिन्याचं बजेट दोन्हींत निम्मं-निम्मं वाटलं. फॉर्मवरून 60 चौकशा आल्या, पेजवरून 15. एका चौकशीचा खर्च पेजवर चौपट दिसतो आणि इथेच अनेक जण पेज बंद करून टाकतात. पण पुढे बघा. फॉर्मवाल्या 60 पैकी 25 जणांनी फोन उचलला आणि साइट बघायला बोलावलं दोघांनी. पेजवाल्या 15 पैकी 12 जणांनी फोन उचलला आणि चौघांनी बोलावलं. म्हणजे एका साइट व्हिजिटचा खर्च पेजवर निम्माच पडला, आणि 60 फोन करण्यात गेलेला वेळ तर यात धरलेलाच नाही.

म्हणून एक साधी शीट ठेवा: चौकशी कुठून आली, फोन उचलला का, साइट व्हिजिट ठरली का. निर्णय शेवटच्या रकान्यावरून घ्या.

फॉर्म वापरायचाच असेल तर तो थोडा अवघड करा

फॉर्मचा प्रकार निवडताना `More volume` ऐवजी `Higher intent` घ्या. त्यात पाठवण्याआधी आपली माहिती पुन्हा तपासण्याची एक पायरी येते. मग तीन प्रश्न घाला, जास्त नकोत.

पहिला, काम कधी सुरू करायचं आहे? पर्यायांत "घर ताब्यात आहे", "तीन महिन्यांत ताबा मिळेल" यांबरोबर "अजून घर शोधतोय" हाही ठेवा. लोक तो प्रामाणिकपणे निवडतात.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि तो विचारण्याची पद्धत फार महत्त्वाची आहे. "तुमचं बजेट किती?" असं विचारू नका. पहिल्यांदा घर करून घेणाऱ्याला ते खरंच माहीत नसतं, मग तो सगळ्यात खालचा आकडा निवडतो आणि चांगला ग्राहक तुमच्या चाळणीतून निसटतो. त्याऐवजी तुमची पूर्ण घराची कामं किती रकमेपासून सुरू होतात ते लिहा आणि "हे जमण्यासारखं आहे का?" असं विचारा. "हो", "थोडं बोलून ठरवू", "नाही" एवढे पर्याय पुरेत.

तिसरं उत्तर हाताने लिहायला लावा: कोणत्या खोल्यांचं काम आहे? इथे कुणी "हाय" लिहिलं तर त्याला शेवटी फोन करा. "दोन बेडरूम आणि किचन, हॉलचं फक्त सीलिंग" असं लिहिणाऱ्याला पाच-दहा मिनिटांतच करा.

पेज असेल तर फोटोंकडे बघा

आपल्या धंद्यात पेज बहुतेकदा फोटोंपायी मरतं. फोटोग्राफरने दिलेल्या मोठ्या फाइल्स तशाच चढवल्या की मोबाइलवर पान उघडता उघडत नाही. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये `Link clicks` आणि `Landing page views` शेजारी ठेवून पाहा. दुसरा आकडा फारच खाली असेल तर माणसं पान उघडण्याआधीच परत जात आहेत. तेव्हा फोटो लहान करा आणि संख्याही कमी करा. वीस सुट्या फोटोंपेक्षा एका घराचं आधीचं आणि नंतरचं रूप, सोबत किती दिवस लागले आणि खर्चात काय काय आलं, हे जास्त काम करतं.

यंत्रणेला चांगली चौकशी ओळखायला शिकवा

जाहिरात-यंत्रणा तुम्ही ज्याला यश म्हणाल तसलीच माणसं शोधते. प्रत्येक भरलेला फॉर्म यश म्हणून मोजला, तर ती फॉर्म भरत सुटणारेच आणून देते. म्हणून पेजवरच्या फॉर्ममध्येही वरचेच तीन प्रश्न विचारा आणि तो पाठवल्यावर दिसणारी दोन आभार-पानं करा. कामाची उत्तरं देणारा एका पानावर जाईल आणि पिक्सेलची, म्हणजे पेजवर बसवलेल्या मेटाच्या मोजणी-कोडची, `Lead` नोंद फक्त तिथेच होईल. "अजून घर शोधतोय", "थोडं बोलून ठरवू" किंवा "नाही" म्हणणारा दुसऱ्या पानावर जाईल, त्याची नोंद नाही.

यात एक अडचण आहे. यंत्रणेला नीट शिकायला एका अ‍ॅड सेटमध्ये, म्हणजे एकाच प्रेक्षकवर्गासाठीच्या जाहिरातींच्या गटात, आठवड्याला साधारण 50 नोंदी लागतात, आणि एकट्या डिझायनरच्या बजेटात तेवढ्या चांगल्या चौकशा क्वचितच येतात. अशा वेळी बजेट चार अ‍ॅड सेटमध्ये वाटू नका, एकच ठेवा. तरीही नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत असतील, तर चाळणी थोडी सैल करा आणि "थोडं बोलून ठरवू" म्हणणाऱ्यांनाही पहिल्या पानावर येऊ द्या.