वसतिगृहाचं आहारपत्र पालकांना पाठवताय? या चुका टाळा

नवीन सत्र सुरू होताना वॉर्डन पालकांना पत्र धाडतो. त्यात आठवड्याचा तक्ता असतो, जेवणाच्या वेळा असतात आणि खाली एक ओळ असते: ‘पाल्यास कोणत्याही पदार्थाची ॲलर्जी असल्यास कळवावे.’ मीही बरीच वर्षं हीच ओळ लिहीत होते. तिच्यातली खोट मला एका मुलीच्या फॉर्मने दाखवली.

आईने लिहिलं होतं, ‘शेंगदाण्याने पित्त होते, कृपया काळजी घ्यावी.’ मी वाचलं, मेसच्या आचाऱ्यांनीही वाचलं. आम्हा दोघांना पित्त म्हणजे आंबट ढेकर आणि छातीत जळजळ एवढंच सुचलं. ‘तिला दाणे जरा कमी वाढू,’ असं आचारी म्हणाले आणि मी मान डोलावली. पुढे एका रात्री भाजीचा रस्सा पातळ झाला, म्हणून त्यात मूठभर दाण्याचं कूट पडलं. दुसऱ्या घासालाच ओठांना मुंग्या येतायत असं ती म्हणाली. दहा मिनिटांत मानेवर गांधी उठल्या आणि आवाज घोगरा झाला. आम्ही तिला ताबडतोब रुग्णालयात नेलं. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. आई फोनवर रडत म्हणाली, “मॅडम, मी फॉर्मवर लिहिलं होतं हो. लहानपणी एकदा अंगभर पित्त उठून दवाखान्यात न्यावं लागलं होतं तिला.”

तिने खरंच लिहिलं होतं. आपल्याकडे आम्लपित्तालाही पित्त म्हणतात आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच म्हणतात. चूक माझ्या पत्राची होती, कारण त्यात ‘कळवा’ एवढंच होतं, काय कळवायचं ते नव्हतं.

पहिली चूक: ॲलर्जीचं नाव विचारणं, त्रास न विचारणं

आता माझ्या पत्रात चार प्रश्न असतात. नेमका कोणता घटक चालत नाही? तो पोटात गेल्यावर काय होतं आणि किती वेळात होतं? असं शेवटचं कधी झालं आणि तेव्हा दवाखान्यात न्यावं लागलं का? डॉक्टरांनी कोणतं औषध जवळ ठेवायला सांगितलं आहे?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत कामाचा आहे. गंभीर ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलट्या होतात, आवाज बसतो, दम लागतो. असं उत्तर आलं, की त्या घटकाचा कणही ताटात जाता कामा नये. ‘रात्री पोट फुगतं’ असं उत्तर आलं तर प्रकरण बहुतेक वेगळं असतं, पण तेही डॉक्टरांकडून कळलेलं बरं. दुधाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. दुधातली साखर ज्याला पचत नाही, त्याला लॅक्टोजमुक्त दूध चालतं. दुधाची ॲलर्जी मात्र त्यातल्या प्रथिनांची असते आणि लॅक्टोजमुक्त दुधात ती प्रथिनं तशीच असतात. ‘दूध चालत नाही’ या तीन शब्दांवर स्वयंपाकघराने निर्णय घेऊ नये.

दुसरी चूक: तक्त्यात फक्त पदार्थांची नावं

‘बुधवार रात्री: सूप, भाजी, भात’ यावरून पालकांना काहीच कळत नाही. सूपमध्ये साय आहे का, भाजीत कूट आहे का, हेच तर त्यांना हवं असतं. म्हणून प्रत्येक पदार्थाखाली लहान अक्षरांत घटक लिहा. सगळा मसाला लिहायची गरज नाही. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, गहू, सोयाबीन, तीळ, मासे आणि कोळंबी-खेकडा एवढे नऊ गट तरी तपासा. बहुतेक गंभीर त्रास यांच्यापासूनच होतात. यांच्याबाहेरची ॲलर्जी कुणी कळवली, तर तो घटकही त्या सत्रापुरता यादीत घाला.

तक्ता छापला तरी रोजचं जेवण तक्त्याबरहुकूम होतंच असं नाही. सामान संपतं, रस्सा पातळ होतो. आमच्याकडे घात झाला तो अशाच क्षणी. म्हणून पत्रात आता हे वाक्य असतं: ‘ऐन वेळी घटक बदलल्यास, संबंधित विद्यार्थ्याला वाढण्यापूर्वी मेस-प्रमुख स्वतः सांगतील.’ आणि हे वाक्य चुलीजवळच्या भिंतीवरही लावलेलं आहे. पत्र आचाऱ्यांनी पाहिलंच नसेल, तर ते पालकांना दिलेलं पोकळ आश्वासन ठरतं.

‘आमचं स्वयंपाकघर शेंगदाणेमुक्त आहे’ असं मात्र मनाने लिहू नका. एकाच तेलात तळण होतं, एकच डाव दोन भांड्यांत फिरतो. शिजवल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी जात नाही आणि सॅनिटायझर चोळल्याने हातावरचे त्याचे कण निघत नाहीत, त्याला साबण आणि पाणीच लागतं. जे करता तेच लिहा: या मुलांचं जेवण आधी काढतो, वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवतो, वेगळ्या डावाने वाढतो.

तिसरी चूक: त्रास झाला तर काय करणार, हे न लिहिणं

पुष्कळ पालक ॲलर्जीच्या गोळ्यांचं पाकीट देतात आणि निश्चिंत होतात. ती गोळी खाज कमी करते, पण बंद होऊ लागलेला श्वास तिच्याने सुटत नाही. तिथे ॲड्रेनालिनच लागतं. डॉक्टरांनी ते लिहून दिलं असेल, तर डॉक्टरांच्या सहीचा लेखी आराखडा आणि इंजेक्शन दोन्ही मागवा, मुदतीची तारीख नोंदवा. इंजेक्शन कुठे ठेवणार तेही पत्रात सांगा. ते कुलपात नको, कारण किल्लीवाला बाहेर गेला तर उपयोग नाही.

आमच्या पत्रातला मजकूर असा आहे: ‘त्रास सुरू होताच विद्यार्थ्याला जागेवरच झोपवून पाय वर घेतले जातील, दम लागत असल्यास बसवले जाईल. त्याला चालवले जाणार नाही. आराखड्यानुसार प्रशिक्षित कर्मचारी मांडीच्या बाहेरील बाजूस इंजेक्शन देतील, रुग्णवाहिका बोलावतील आणि मग आपणास फोन करतील.’ फोन शेवटी आहे याचं काही पालकांना वाईट वाटतं. त्यांना मी समजावते, की त्या पाच मिनिटांत माझे हात तुमच्या मुलाजवळ हवेत. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यावंच लागतं, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

चौथी चूक: सगळ्या बदलांना एकच रांग

‘आहारात बदल हवा असल्यास आठ दिवस आधी अर्ज करावा’ हा नियम आवडीनिवडीसाठी ठीक आहे. मुलाला ॲलर्जी आहे हे काल कळलं असेल, तर त्याने आठ दिवस काय खायचं? वैद्यकीय बदल पालकांचा लेखी निरोप मिळाल्यापासून पुढच्याच जेवणाला लागू करा. डॉक्टरांचा कागद मागाहून आला तरी चालेल. श्रद्धेमुळे काही वर्ज्य असेल तर पालकांचा शब्द पुरे, दाखला मागू नका. आवडीचे बदल पुढच्या आठवड्याच्या तक्त्यात बसले तर बसवा, नाही तर तसं स्पष्ट कळवा. अर्ज कुणाकडे द्यायचा ते एकच नाव आणि एकच क्रमांक लिहा, आणि ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास विनंती पोहोचली नाही असे समजून फोन करावा’ हेही लिहा.

बंधन उठवण्याबद्दल तर कुणीच लिहीत नाही. मुलगा वाढप्याला सांगतो, “काका, आता चालतं मला.” मित्र खात असतात, त्यालाही खावंसं वाटतं, आणि काका वाढतात. आमच्या पत्रातली शेवटची ओळ त्यासाठी आहे: ‘आहारातील वैद्यकीय बंधन विद्यार्थ्याच्या तोंडी सांगण्यावरून काढले जाणार नाही; त्यासाठी डॉक्टरांचे पत्र व पालकांची सही लागेल.’ ही ओळ मी सत्राच्या पहिल्या दिवशी मुलांनाही वाचून दाखवते.