बेडसोरवरचा पिको प्रश्न: ‘परिणामकारकता’ या शब्दापासून सुटका

एम.एस्सी. नर्सिंगची सिनॉप्सिस घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनींच्या विषयांत एक ठरलेला असतो: ‘आयसीयूतील रुग्णांमध्ये बेडसोर टाळण्यासाठी नर्सिंग उपाययोजनांची परिणामकारकता’. ऐकायला बरा वाटतो, पण उपाय कुठले, रुग्ण कुठले आणि परिणाम मोजायचा कशाने, यातलं काहीच त्यात नाही. पिको म्हणजे संशोधनाचा प्रश्न नेमका बांधण्याची चौकट, आणि तिची चार घरं म्हणजे रुग्ण, उपाय, तुलना आणि निष्पत्ती. हाच विषय आपण त्यांत बसवून पाहू.

सुरुवात शेवटच्या घरापासून करा. उलटं वाटेल, पण गोंधळ तिथेच जास्त होतो. ‘नर्सेसना प्रशिक्षण दिलं, चाचणीतले गुण वाढले’ ही नर्सच्या ज्ञानाची निष्पत्ती झाली. रुग्णाच्या पाठीवर जखम झाली की नाही, हे त्यातून कळत नाही. आपल्याला हवी आहे नवी जखम, म्हणजे भरती होताना नव्हती आणि नंतर झाली ती. म्हणून जागा, जखमेच्या तीव्रतेची पायरी आणि मुदत तिन्ही लिहायच्या: माकडहाडाच्या वरच्या भागावर, पहिल्या किंवा त्यापुढच्या पायरीची, सात दिवसांत.

पहिली पायरी ठरवताना हात फसतो. लाल भागावर बोटाने काही सेकंद दाबून सोडायचं. तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर ती पहिली पायरी नव्हे. दाबूनही लालीच राहिली, तर पहिली पायरी. सावळ्या त्वचेवर ही लाली नीट दिसत नाही, तेव्हा शेजारच्या त्वचेपेक्षा तो भाग गरम-थंड, कडक-मऊ किंवा दुखरा आहे का ते पाहावं लागतं. शी-लघवीच्या ओलीने सोलवटलेली कातडी आणखी वेगळी. ती बहुधा पसरट असते आणि हाडाच्या उंचवट्यापुरती राहत नाही. हे निकष प्रस्तावात लिहिले नाहीत, तर दोन नर्स एकाच पाठीला दोन नावं देतील.

आता रुग्ण. ‘आयसीयूतील रुग्ण’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी चालत घरी जाणाराही त्यात आला. बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलवर ६ ते २३ गुण असतात आणि गुण जितके कमी, तितका धोका जास्त. म्हणून असं बांधा: अठरा वर्षांवरील, भरतीपासून २४ तासांच्या आतले, ब्रेडन गुण १२ किंवा कमी असलेले आणि त्या जागेची त्वचा शाबूत असलेले रुग्ण.

उपाय एकच ठेवा. एअर बेड, तेल, ड्रेसिंग आणि दर दोन तासांनी कूस बदलणं असं सगळं एकदम दिलंत, तर फरक कशाने पडला ते सांगता येत नाही. समजा, सिलिकॉन फोम ड्रेसिंग निवडलं. ते कधी लावायचं, किती दिवसांनी बदलायचं, ओलं झालं तर काय, आणि प्रत्येक शिफ्टला कडा उचलून त्वचा पाहायची की नाही, हे लिहा. तुलनेच्या घरात नुसतं ‘नेहमीची काळजी’ लिहून चालणार नाही. तुमच्या वॉर्डात ती नक्की काय आहे? कागदावर दोन तासांनी कूस आणि रात्रपाळीत पाच तासांनी, असं असेल तर आधी आठवडाभर नोंदी पाहा. ड्रेसिंगवाल्या गटालाही हीच काळजी मिळायला हवी.

जुळवलेला प्रश्न असा होतो: ‘आयसीयूत भरती झालेल्या, ब्रेडन गुण १२ किंवा कमी असलेल्या प्रौढ रुग्णांमध्ये, नेहमीच्या काळजीला माकडहाडावरील सिलिकॉन फोम ड्रेसिंगची जोड दिली, तर केवळ नेहमीच्या काळजीच्या तुलनेत, सात दिवसांत त्या जागी पहिल्या किंवा पुढच्या पायरीची नवी प्रेशर इंजुरी होण्याचं प्रमाण कमी होतं का?’ वाक्य लांबलं, हरकत नाही. ‘बेडसोर’ मात्र बोलण्यापुरता ठेवा. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०१६ साली ‘प्रेशर अल्सर’ऐवजी ‘प्रेशर इंजुरी’ हा शब्द घेतला, कारण पहिल्या पायरीत कातडी फुटलेलीच नसते.

गाइडकडे जाण्याआधी एक हिशेब करा. नेहमीच्या काळजीत शंभरातल्या २० जणांना जखम होते आणि ड्रेसिंगने ती १० वर येईल असं धरलं, तर नेहमीच्या संख्याशास्त्रीय निकषांनी (५ टक्के सार्थकता, ८० टक्के शक्ती) प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. दहा खाटांच्या आयसीयूत सहा आठवड्यांत ते मिळणार नाहीत. अशा वेळी ‘जखम कमी होते का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘ड्रेसिंग ठरल्याप्रमाणे किती रुग्णांवर टिकतं आणि नर्सला प्रत्येक शिफ्टला तपासणी जमते का’ असा विचारावा. त्याला लहान नमुना पुरतो, आणि पुढच्या मोठ्या अभ्यासासाठी लागणारा तुमच्या वॉर्डातला खरा आकडाही त्यातूनच हाती येऊ लागतो.