७.२ टक्के ७.४ टक्क्यांपेक्षा जास्त कसे ठरतात?

बँकेत लागलेल्या नव्या मुलांची जेएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षेची तयारी घेताना मी त्यांना एक प्रश्न हमखास सोडवायला देतो. एक लाख रुपये एक वर्षासाठी ठेवायचे आहेत. मुदत संपेपर्यंत व्याज काढायचं नाही. पहिल्या ठेवीवर ७.२ टक्के, मासिक चक्रवाढ. दुसऱ्या ठेवीवर ७.३ टक्के, सहामाही चक्रवाढ. तिसऱ्या ठेवीवर ७.४ टक्के, वार्षिक चक्रवाढ. सर्वांत फायद्याची कोणती?

गेल्या वेळी शाखेतल्या एका हुशार सहकाऱ्याने तिसऱ्या ठेवीवर खूण केली. तिचा विचार सरळ होता: दर सगळ्यांत मोठा, मग व्याजही सगळ्यांत मोठं. पण इथे दिलेले तिन्ही दर नॉमिनल, म्हणजे नुसते सांगितलेले वार्षिक दर आहेत. व्याज मुद्दलात किती वेळा मिळवलं जातं, हे नॉमिनल दर एकटा सांगत नाही. म्हणून चक्रवाढीचा काळ वेगळा असला की दोन नॉमिनल दर एकमेकांशेजारी ठेवून ताडता येत नाहीत. आधी तिन्ही इफेक्टिव्ह वार्षिक दरात आणावे लागतात, म्हणजे शंभर रुपयांवर वर्षअखेर प्रत्यक्षात किती जमा झाले ते काढावं लागतं.

पहिल्या ठेवीत महिन्याचा दर ०.६ टक्के, म्हणजे १.००६ चा बारावा घात. साधा कॅल्क्युलेटर असेल तर आधी तिसरा घात काढावा, तो येतो १.०१८१०८. त्याचा वर्ग केला की सहावा घात १.०३६५४४, आणि त्याचा वर्ग केला की बारावा, १.०७४४२. दर ७.४४ टक्के. दुसऱ्या ठेवीत १.०३६५ चा वर्ग १.०७४३३, म्हणजे ७.४३ टक्के. तिसरीत वर्षातून एकदाच व्याज मिळतं, त्यामुळे ७.४ चे ७.४ च राहतात. क्रम पूर्ण उलटला. सर्वांत लहान दिसणारा दर पहिला आला.

एका वर्षात हा फरक लाखाला ४२ रुपयांचाच आहे. त्याच दराने पाच वर्षं ठेवलं तर पहिली ठेव १,४३,१७९ रुपयांच्या आसपास जाते आणि तिसरी १,४२,८९६ वर थांबते. रक्कम मोठी नाही, पण प्रश्न काढणाऱ्याने आकडे मुद्दाम इतके जवळ ठेवलेले असतात, कारण नॉमिनल दराने येणारं उत्तर पर्यायांत असावंच लागतं. त्याशिवाय प्रश्नाला अर्थ उरत नाही. १२ टक्के मासिक चक्रवाढीचा इफेक्टिव्ह दर विचारला, तर पर्याय बहुधा १२, १२.३६, १२.५५ आणि १२.६८ असे दिसतील. पहिला नुसता नॉमिनल, दुसरा सहामाही, तिसरा तिमाही, आणि बरोबर उत्तर शेवटचं. पर्यायांत असे सगळे काळ एकत्र दिसले की प्रश्नाचा मुद्दा आकड्यात नाही, चक्रवाढीच्या काळात आहे, हे ओळखावं.

इफेक्टिव्ह दर शिकल्यावर काही जण तो सगळीकडे लावू लागतात, आणि ही चूक मला पहिलीइतकीच गंभीर वाटते. समजा दहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, मासिक हप्ता. पहिल्या महिन्याचं व्याज काढायचं आहे. इथे नॉमिनल दरच लागतो: ९ भागिले १२ म्हणजे ०.७५ टक्के, व्याज ७,५०० रुपये. कोणी आधी ९ चा इफेक्टिव्ह ९.३८ केला आणि मग त्याला बाराने भागलं, तर ७,८१७ येतात. म्हणजे चक्रवाढ एकदा धरून झाल्यावर ती पुन्हा महिन्याच्या दरात शिरली. महिन्याचं गणित महिन्याच्या दराने करायचं, आणि वर्षाची तुलना इफेक्टिव्ह दराने.

एक्सेलवर पडताळायचं असेल तर `=EFFECT(0.072,12)` टाकून पाहा, ०.०७४४ येईल. उलट जायचं असेल तर `=NOMINAL(0.0744,12)`, तिथे परत ०.०७२ च्या जवळ पोचता.

शेवटची गोष्ट प्रश्नातल्या ‘व्याज काढायचं नाही’ या ओळीबद्दल. ठेवीदार दरमहा व्याज हातात घेत असेल, तर ते मुद्दलात मिळत नाही. पहिल्या ठेवीत त्याला महिन्याला ६०० रुपये, वर्षाला ७,२०० मिळतील. ७.४४ चा आकडा तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा ते सहाशे रुपये तो पुन्हा त्याच दराने गुंतवतो. प्रश्नात व्याज काढण्याबद्दल काय लिहिलं आहे, ते दर पाहण्याआधी वाचावं.