मिरचीवरील मावा आणि घरगुती साबण-लसूण फवारा : या चुका टाळा

कुंडीतल्या किंवा परसातल्या मिरचीच्या कोवळ्या शेंड्यावर हिरवट-काळपट मावा दाटीने बसलेला दिसला की बहुतेक जण लसूण आणि हिरवी मिरची वाटतात, त्यात साबणाचे पाणी घालतात आणि झाडावर फवारतात. दोन दिवसांनी मावा तसाच असतो, किंवा मावा जातो पण पानांच्या कडा करपलेल्या असतात. दोन्ही वेळा दोष कृतीला दिला जातो, मात्र चूक बहुधा हे मिश्रण कसे काम करते याविषयीच्या समजुतीत असते.

या मिश्रणात किडीला मारण्याचे काम मुख्यतः साबण करतो. मावा, पिठ्या ढेकणाची पिल्ले, पांढऱ्या माशीची पिल्ले, लाल कोळी अशा मऊ अंगाच्या किडींवर साबणाचे पाणी थेट पडले, तर त्यांच्या अंगावरचे मेणचट आवरण आणि त्याखालच्या पेशींची आवरणे बिघडतात, शरीरातील ओलावा निघून जातो आणि कीड मरते. हा परिणाम द्रावण ओले असेपर्यंतच होतो. पानावर वाळलेल्या साबणाचा, नंतर येऊन बसणाऱ्या किडीला काहीही उपद्रव होत नाही. लसूण आणि मिरचीच्या वासाने काही किडी काही काळ दूर राहत असतील, पण शेंड्यावर आधीच बसून रस शोषणाऱ्या माव्याला केवळ वासाने उठवता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. माझ्या मते माव्यासाठी साधे साबणाचे पाणीच पुरेसे आहे. लसूण-मिरची घातल्याने फायदा थोडा आणि डोळ्यांची आग मात्र नक्की वाढते.

साबण कोणता आणि किती

सर्वांत मोठे नुकसान कपडे धुण्याच्या पावडरीने होते. तिच्यात धुण्याचा सोडा आणि डाग काढणारी इतर द्रव्ये असतात, आणि ती पानावरचा संरक्षक मेणाचा थर काढून टाकतात. कपड्यांची वडीही याच कारणाने टाळावी. भांडी घासण्याचे द्रव बहुतेक वेळा खरा साबण नसून डिटर्जंट असते. ते चालून जाते, पण प्रत्येक उत्पादनाची तीव्रता वेगळी असल्यामुळे पानाला इजा होणार नाही अशी खात्री देता येत नाही. रंग, सुगंध आणि जंतुनाशक नसलेला साधा द्रवरूप साबण मिळाल्यास तो सर्वांत बरा. खास झाडांसाठी तयार केलेला, पोटॅशियमयुक्त साबण मिळत असेल तर तो घ्यावा आणि त्यावर छापलेले प्रमाणच पाळावे.

प्रमाणाच्या बाबतीत हात सैल सोडू नये. 1 लिटर पाण्याला 5 मिलिलिटर, म्हणजे एक सपाट लहान चमचा साबण, ही सुरुवात ठेवावी. यातून 0.5 टक्क्याचे द्रावण होते. झाडाने ते सोसले आणि मावा पुरेसा मेला नाही, तर 10 मिलिलिटरपर्यंत, म्हणजे 1 टक्क्यापर्यंत जावे. 2 टक्क्यांच्या आसपास अनेक भाज्यांची पाने करपण्याचा धोका वाढतो, त्यामुळे घरगुती साबणाने तिथपर्यंत जाण्याची गरज नाही. फेस भरपूर आला म्हणजे द्रावण चांगले झाले, हा समज चुकीचा आहे.

पाण्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून ठेवतात आणि त्याचा साका तयार होतो, त्यामुळे किडीवर पडणाऱ्या पाण्यात साबण फारसा उरतच नाही. हे ओळखण्यासाठी काचेच्या बाटलीत थोडे द्रावण हलवून काही मिनिटे ठेवावे. पाणी साधारण एकसारखे दुधाळ राहिले तर ठीक. वर पांढरे कण किंवा सायीसारखा थर जमला, तर ते पाणी या कामाचे नाही. अशा वेळी साबण वाढवण्याऐवजी साठवलेले पावसाचे किंवा गाळणी यंत्रातील मऊ पाणी वापरावे. (डिटर्जंट जड पाण्यातही विरघळते, म्हणून ही चाचणी खऱ्या साबणासाठीच उपयोगी आहे.)

एका झाडावरची फवारणी

समजा, मिरचीच्या एका झाडाच्या चार-पाच शेंड्यांवर मावा आहे, खालच्या पानांवर चिकटा पडला आहे आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा चालू आहे. प्रथम पानामागे हात धरून पाण्याच्या जोरकस धारेने शेंडे धुवावेत. बराचसा मावा इथेच खाली पडतो, आणि खाली पडलेल्यांपैकी फार थोडे पुन्हा वर पोहोचतात. एखादा शेंडा पूर्ण गुंडाळला गेला असेल, तर तो खुडून पिशवीत बंद करून टाकावा, कारण वळलेल्या पानाच्या आत कोणताही फवारा शिरत नाही.

नंतर 5 मिलिलिटरचे द्रावण करून आधी दोन-तीन पानांवरच फवारावे आणि 48 तास वाट पाहावी. कडा तपकिरी झाल्या, पानावर पाणी शोषल्यासारखे गडद डाग आले किंवा पान मलूल झाले, तर ते द्रावण उरलेल्या झाडावर वापरू नये. काही न झाल्यास पूर्ण झाडावर, विशेषतः पानांच्या खालच्या बाजूने आणि शेंड्याच्या बेचक्यांत, पाणी निथळेपर्यंत फवारावे. मावा बहुतांशी पानाखाली राहतो. वरून मारलेला फवारा पाने चकचकीत करतो आणि कीड तशीच ठेवतो. म्हणून नोझल खालून वर धरणे हीच या कामातली खरी खुबी आहे.

वेळ पहाटेची किंवा सूर्य मावळतानाची ठेवावी. भर उन्हात द्रावण लगेच वाळते, म्हणजे कीड मरत नाही आणि साबण पानावर घट्ट होऊन पान भाजते. तापमान 32 अंशांच्या वर असताना, आणि तहानलेल्या, नुकत्याच लावलेल्या किंवा आधीच मलूल झालेल्या झाडावर फवारणी करूच नये. दमट हवेत द्रावण फार वेळ ओले राहूनही पानाला इजा होते. त्यामुळे नाजूक झाड असल्यास दोन-तीन तासांनी साध्या पाण्याने पाने धुवून टाकणे चांगले.

परिणाम झाला की नाही, हे कसे ओळखावे

येथे नजर हमखास फसते. मेलेला मावा लगेच गळून पडत नाही. तो सोंड रुतवलेल्या स्थितीत पानाला चिकटून राहू शकतो. तसेच माव्याने टाकलेल्या पांढऱ्या काती पाहून अनेकांना पांढरी माशी आल्याचा भास होतो आणि ते अकारण पुन्हा फवारतात. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहावे आणि काडीच्या टोकाने हलके स्पर्श करावा. पाय हलले तर मावा जिवंत; सुकलेला, तपकिरी आणि निश्चल असेल तर मेलेला. फुगलेला, सोनेरी-तपकिरी आणि कागदासारखा कोरडा मावा दिसला, तर तो गांधीलमाशीच्या कुळातील एका अतिशय लहान परोपजीवी माशीने मारलेला आहे. अशी पाने काढू नयेत आणि शक्य तर तिथे फवारूही नये, कारण त्या कवचातून माव्यावर जगणारी पुढची पिढी बाहेर पडते.

अशीच चूक ढालकिड्याच्या अळीबाबत होते. काळसर, नारिंगी ठिपक्यांची, लांबट आणि थोडी काटेरी दिसणारी ही अळी लोक कीड समजून मारतात. प्रत्यक्षात ती मावा खाऊन फस्त करते. साबणाला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही, म्हणून अशा अळ्या असलेला शेंडा वगळून फवारावे.

माव्याच्या माद्या उबदार हवेत नराशिवाय थेट पिल्ले देतात आणि ती पिल्ले साधारण आठवडाभरात स्वतः प्रजननक्षम होतात. त्यामुळे एका फवारणीत काम संपत नाही; 5 ते 7 दिवसांच्या अंतराने दुसरी आणि गरज पडल्यास तिसरी फवारणी लागते. रोज फवारणे हा यावरचा उपाय नव्हे, त्याने पानेच जातात. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही, तर चिकट्याच्या लोभाने त्या माव्याचे रक्षण करीत राहतात. कुंडीत नत्रयुक्त खत जास्त झाले असेल तरी कोवळी, रसाळ फूट येऊन मावा परत परत जमतो. अशा वेळी फवारा बदलण्यापेक्षा खत कमी करावे.

जे स्वयंपाकघरातले, ते निरुपद्रवी असे नाही

लसूण-मिरचीचा अर्क करायचाच असेल, तर वाटल्यानंतर मिक्सरचे झाकण लगेच तोंडाजवळ उघडू नये आणि हे मिश्रण बंद खोलीत उकळू नये. त्याच्या वाफेने ठसका आणि डोळ्यांची तीव्र जळजळ होते. हातमोजे, चष्मा आणि नाकावर कापड असावे, आणि वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून फवारू नये. तिखट डोळ्यात गेल्यास डोळे न चोळता वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटे धरावेत. आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे जावे. अर्क बारीक कापडातून गाळून त्याच दिवशी संपवावा. उरलेले द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये.

तंबाखूचे पाणी मात्र अजिबात करू नये. त्यातील निकोटीन त्वचेतूनही शरीरात जाते आणि माणसाला विषारी ठरते; शिवाय तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. मीठ आणि व्हिनेगर पाने जाळतात, आणि मिठाने मातीही बिघडते. गंधक फवारलेल्या झाडावर काही आठवडे तेलमिश्रित द्रावण वापरू नये. फुले उमललेली आणि मधमाश्या फिरत असताना कोणताच फवारा मारू नये. फवारणीनंतर काढलेली भाजी वाहत्या पाण्यात नीट चोळून धुवावी. ज्यांची पानेच खायची आहेत अशा भाज्यांवर लसूण-मिरचीचा अर्क न वापरलेला बरा, कारण त्याचा वास आणि चव पानांत राहते.

वांग्याच्या शेंड्यात किंवा टोमॅटोच्या फळात शिरलेल्या अळीपर्यंत साबण पोहोचत नाही. तिथे पोखरलेला भाग काढून नष्ट करणे एवढेच हातात असते. विषाणूमुळे मिरचीची पाने लहान, आखडलेली आणि गुच्छासारखी झाली असतील, तर मावा किंवा पांढरी माशी मेली तरी पाने पूर्ववत होत नाहीत. साध्या माव्याच्या प्रादुर्भावात नियंत्रणानंतर नवी फूट सरळ येते, पण जुनी वळलेली पाने तशीच राहतात. म्हणून तीन फवारण्यांनंतर जुन्या पानांकडे न पाहता शेंड्याची नवी फूट तपासावी. तीही आखडून येत असेल आणि भिंगातून कोळी किंवा फुलकिडे दिसत नसतील, तर ते झाड मुळासकट उपटून इतर मिरच्यांपासून दूर करावे.